दिवाळीची शिलाई: कापड देण्याची शेवटची तारीख रविवार, २८ सप्टेंबर

सांगली, ५ सप्टेंबर २०२५

सर्व ताई, वहिनी, काकूंना,
स. न. वि. वि.

यंदा वसुबारस १७ ऑक्टोबरला, शुक्रवारी आहे. पहिली आंघोळ सोमवारी २० ला आणि भाऊबीज गुरुवारी २३ ला. त्या हिशेबाने दिवाळीचे ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस रविवार २८ सप्टेंबरला रात्री ८ पर्यंतच घेऊ.

तारीख एवढी अलीकडे का, तर पितृपक्षात बहुतेक घरांत नवं कापड शिवायला देत नाहीत आणि घटस्थापनेनंतर सगळ्या एकदम येतात. दुकानात मशीन तीन. अस्तराचे ब्लाउज दिवसाला १२ निघतात. २९ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हे १७ दिवस, त्यात खंडेनवमीला मशीनची पूजा आणि दसऱ्याला सुट्टी. राहिलेल्या १५ दिवसांत १८० नग होतात. त्यापेक्षा जास्त घेतले की हूक-काज घाईत होतं आणि पहिल्याच धुण्यात हूक सुटतो. म्हणून १८० नग भरले, तर वही २८ च्या आधीही बंद होईल. पितृपक्षात कापड द्यायचं नसेल तर नका देऊ, पण मापं देऊन नंबर लावून जा. मापं द्यायला काही हरकत नाही.

काही कामांना जास्त दिवस लागतात. आरी वर्क बाहेर करायला जातं आणि कापड कापायच्या आधी त्यावर आखून द्यावं लागतं, त्यामुळे ते १४ सप्टेंबरपर्यंतच. शिवलेली नऊवारी २१ सप्टेंबरपर्यंत. तिच्यासाठी साडी नऊवारीच लागते, पाचवारीत काष्टा तोकडा पडतो. एकदा कापली की ती पुन्हा साधी नेसता येत नाही, तेव्हा आजीची जुनी साडी आणण्याआधी घरी विचारून या. उंची मोजायला त्या दिवशीची चप्पल घालून या. फॉल-पिको मात्र १२ ऑक्टोबरपर्यंत चालेल.

आता कापडाचं. साडी अख्खी आणा, ब्लाउजपीस घरी कापू नका. पैठणीच्या काठाच्या बाह्या काढायच्या असतात आणि कात्री जरा तिरकी गेली की दोन्ही बाह्यांना सारखा काठ मिळत नाही. अस्तर सुतीच घ्या, ३६ इंच पन्ह्याचं १ मीटर. ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून आणा. न भिजवलेलं अस्तर पहिल्या पाण्यात आटतं, वरचं रेशीम तेवढंच राहतं आणि ब्लाउजला सुरकुत्या पडतात. मग शिलाई बिघडली असं वाटतं, पण बिघडलेलं असतं अस्तर. फॉलचंही तेच: कोरा लावला तर साडीचा घेर गोळा होतो. रेशमी कापड मात्र भिजवू नका.

परकर-पोलक्याच्या खणाचा पन्हा कमी असतो, त्यामुळे दुकानदार सांगेल तेवढ्यावर न जाता मुलीची उंची आम्हाला कळवून मगच खण घ्या. परकराला आत दोन इंचांची दुमड ठेवतो, पुढच्या वर्षी उसवून लांब करता येते.

वहीतलं माप एका वर्षापेक्षा जुनं असेल तर पुन्हा घेऊ. “मागच्यासारखंच शिवा” म्हणणार असाल, तर तो मागचा ब्लाउज बरोबर आणा, आणि तो आजही घालून बघा. गळ्याची खोली, हूक पुढे की मागे, पायपिन, लटकन हे सगळं पावतीवर लिहून सही करून जा. फोनवरचा फोटो दाखवलात तर उत्तम, पण नंतर फोनवरून गळा बदलता येणार नाही. एकदा कात्री लागली की खोल गळा उथळ होत नाही. आत दोन्ही बाजूंना एक इंच माया सोडतोच, फिटिंग सैल करायला तेवढी पुरते.

शिलाई मागच्या वर्षीचीच आहे: साधा ब्लाउज २५० रुपये, अस्तराचा ४५०, प्रिन्सेस कट ५५०. निम्मे पैसे आगाऊ. जादा पैसे घेऊन कुणाचंही काम पुढे घेणार नाही, कारण त्यासाठी दुसऱ्या कुणाचा तरी नंबर मागे जातो.

तयार कपडे पावतीच्या नंबरप्रमाणे ६ ऑक्टोबरपासून मिळतील. नेताना दुकानातच घालून बघा, पडद्यामागे जागा आहे. काही कमी-जास्त असेल तर १७ तारखेपर्यंत सांगा, लगेच करून देऊ. १८ ला धनत्रयोदशीला दुकान फक्त कपडे द्यायला दुपारी २ पर्यंत उघडं राहील, पुढे भाऊबीजेपर्यंत बंद. पावती हरवली असेल तर निदान कापडाचा रंग तरी लक्षात ठेवून या, कपाटात मोरपंखी ब्लाउज बरेच असतात.

आपला,
शिंपीदादा