नवख्यांच्या गटासाठी कॅरमचे नियम

गणेशोत्सवातल्या आपल्या कॅरम स्पर्धेत यंदा पहिल्यांदाच नवख्यांचा वेगळा गट आहे. 16 नावं आली आहेत. सामने रविवारी सकाळी 10 पासून तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होतील. गेल्या वर्षी राणीवरून इतके वाद झाले की एक सामना रात्री साडेअकराला संपला, म्हणून हा कागद. घरी खेळतो तो काळी 10, पांढरी 20, राणी 50 हा हिशेब इथे विसरायचा.

मांडणी आणि ब्रेक

राणी मधोमध. तिला चिकटून सहा सोंगट्या, एक पांढरी एक काळी अशा. बाहेर उरलेल्या बारा. नीट लावलं की पांढऱ्यांचा इंग्रजी वाय दिसतो. अंपायर दोन मुठींत एक काळी, एक पांढरी लपवतील. पांढरीची मूठ ओळखणारा ब्रेक, म्हणजे पहिला फटका, घ्यायचा की बसायची बाजू निवडायची ते ठरवेल. जो ब्रेक घेईल त्याच्या पांढऱ्या. आपली सोंगटी गेली की पुन्हा आपलीच खेळी. नाही गेली तर समोरच्याची.

स्ट्रायकर बेस लाइनच्या दोन्ही रेघांना टेकलाच पाहिजे. टोकाच्या लाल गोलावर ठेवायचा तर गोल पूर्ण झाकला गेला पाहिजे. अर्धवट स्पर्श चालत नाही.

राणी आणि कव्हर

हा भाग दोनदा वाचा. राणी पॉकेटमध्ये पडली म्हणजे ती तुमची झाली, असं नाही. आधी तुमची निदान एक सोंगटी गेलेली हवी, तरच राणी घेण्याचा हक्क. आणि राणी घेतल्यावर लगेच पुढच्या खेळीत स्वतःची एक सोंगटी घालायची, हीच कव्हर. कव्हर चुकली की राणी परत मधोमध आणि पाळी समोरच्याची. हक्क मिळाल्यावर राणी आणि आपली सोंगटी एकाच फटक्यात गेली, तर कव्हर झाली असं धरतात.

म्हणून राणीवर नेम धरण्याआधी कव्हरची सोंगटी कुठे आहे ते पाहा. पॉकेटच्या तोंडाशी आपली एक सोंगटी उभी असेल, तर ती घाईने घालू नका, राखून ठेवा. आधी राणी, मग ती. नवखे खेळाडू नेमकी हीच सोंगटी सुरुवातीला घालवून बसतात आणि मग कव्हरसाठी बोर्डभर शोधत राहतात.

राणी बोर्डवर असताना स्वतःची शेवटची सोंगटी घातलीत तर बोर्ड, म्हणजे तो डाव, हरलात. समोरच्याची शेवटची चुकून घातलीत तरीही हरलात.

फाउल

स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला की दंडाची एक सोंगटी बाहेर येते. समोरचा खेळाडू ती मोठ्या वर्तुळात हवी तिथे ठेवतो. तुमची एकही गेलेली नसेल तर दंड बाकी, म्हणजे ड्यू, राहतो, पहिली गेली की ती बाहेर काढतात. नुसता स्ट्रायकर गेला तर पाळीही जाते. स्ट्रायकरबरोबर आपली सोंगटी गेली तर ती आणि दंडाची अशा दोन्ही बाहेर येतात, पण पाळी राहते. समोरच्याची गेली तर ती आतच राहते, तुम्ही दंड भरता आणि पाळी जाते.

स्ट्रायकर बोटाने मारायचा, ढकलायचा नाही. ढकलणं फाउल. बोर्डवरच्या सोंगटीला हात लागणं, खेळताना खुर्चीवरून उठणं, कोपर्‍यातल्या बाणाच्या रेघेपलीकडे हात नेणं, हेही फाउल. प्रत्येकाला दंडाची एक सोंगटी. फटका 15 सेकंदांत मारायचा. सोंगटी उडून बोर्डबाहेर पडली तर फाउल नाही, अंपायर ती मध्यभागी ठेवतील.

गुण

ज्याच्या सगळ्या सोंगट्या आधी संपल्या त्याने बोर्ड जिंकला. हरणाऱ्याच्या बोर्डवर जितक्या उरल्या तितके गुण जिंकणाऱ्याला, प्रत्येकीचा 1. राणी त्यानेच कव्हर केली असेल तर आणखी 3. पांढऱ्या संपल्या, काळ्या 4 उरल्या, राणी पांढऱ्याकडे, तर 7 गुण. तीच राणी काळ्याकडे असती तर फक्त 4. हरणाऱ्याला राणीचं काही मिळत नाही. एका बोर्डला जास्तीत जास्त 12 गुण होतात.

25 गुण आधी करणारा गेम जिंकतो. 8 बोर्डमध्ये कोणाचे 25 झाले नाहीत तर पुढे असलेला जिंकला. आणि एक गोष्ट: तुमचे 22 किंवा जास्त गुण झाले की राणीचे 3 मिळत नाहीत. 21 वर असताना समोरच्याच्या 2 उरल्या आणि राणी तुमची, तर 26, गेम संपला. 22 वर तेच घडलं तर 24, आणखी एक बोर्ड खेळावा लागेल. प्रत्येक बोर्डनंतर दोघांनी आकडा मोठ्याने म्हणून तक्त्यावर सही करायची.

स्वतःचा स्ट्रायकर आणायला हरकत नाही, फक्त 15 ग्रॅमपेक्षा जड नको. वजनकाटा हॉलमध्ये ठेवला आहे. सरावासाठी शुक्रवार-शनिवार संध्याकाळी 7 ते 9 दोन बोर्ड पावडर टाकून तयार असतील.