केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, हे सिद्ध करूया

भाचीचा काल रात्री फोन आला, नववीत आहे, टेस्टमध्ये ह्या प्रमेयाला 3 पैकी 1 मार्क मिळाला म्हणून अगदी रडवेली झाली होती. पेपरचा फोटो मागवला. आकृती सुबक, पक्ष बरोबर, साध्य बरोबर, आणि सिद्धतेची पहिलीच ओळ AP = PB. म्हणजे जे सिद्ध करायचंय तेच आधी धरून घेतलं की गं बाई! तिचं म्हणणं, "पण मावशी, दिसतंच आहे ना तसं." ह्या "दिसतंच आहे"वर बरीच मुलं अडकतात म्हणून सगळं नीट लिहून काढतेय, तिच्यासाठी आणि अजून कुणाला लागलं तर त्यांच्यासाठी.

आधी तिला म्हटलं, एक ताटली घे, पेपरवर उपडी ठेव आणि कडेने पेन्सिल फिरव. ताटली 20 सेंमी व्यासाची होती. मग वर्तुळात 16 सेंमीची एक जीवा काढायला लावली, केंद्र शोधायला लावलं आणि गुण्या लावून केंद्रातून जीवेवर लंब टाकायला सांगितला. दोन्ही तुकडे मोजले तर एक 7.9 आणि दुसरा 8.1. आता काय म्हणायचं, दुभागतो की नाही दुभागत? पेन्सिलची जाडी, गुण्या जरासा सरकलेला, केंद्र केसभर इकडेतिकडे, मोजण्यात हे येणारच. आणि समजा अगदी 8 आणि 8 आलं असतं तरी ते त्या एका ताटलीतल्या एका जीवेपुरतं झालं असतं. आपल्याला बोलायचंय जगातल्या सगळ्या वर्तुळांबद्दल आणि त्यांच्या सगळ्या जीवांबद्दल, त्या काय मोजून संपणारेत का, म्हणून सिद्धता लागते.

पक्ष: O केंद्र असलेल्या वर्तुळात AB ही जीवा आहे. रेख OP ⊥ जीवा AB, आणि P हा बिंदू AB वर आहे.

साध्य: रेख AP ≅ रेख PB

रचना: रेख OA आणि रेख OB काढल्या.

इथे थोडं थांबा, कारण सगळा जीव ह्या रचनेतच आहे. पक्षात वर्तुळ आहे, पण वर्तुळ म्हणजे काय तर केंद्रापासून सारख्या अंतरावरचे बिंदू, आणि ही गोष्ट वापरायची तर त्रिज्या काढाव्याच लागतात. त्या काढल्या की लंबाच्या दोन बाजूंना दोन काटकोन त्रिकोण उभे राहतात, ΔOPA आणि ΔOPB.

सिद्धता:

ΔOPA व ΔOPB मध्ये,
∠OPA = ∠OPB = 90° ... (रेख OP ⊥ जीवा AB)
कर्ण OA ≅ कर्ण OB ... (एकाच वर्तुळाच्या त्रिज्या)
बाजू OP ≅ बाजू OP ... (सामाईक बाजू)
∴ ΔOPA ≅ ΔOPB ... (कर्णभुजा कसोटी)
∴ रेख AP ≅ रेख PB ... (एकरूप त्रिकोणांच्या संगत भुजा)

बस, एवढंच आहे. पण कंसातली कारणं खाऊ नका, तिथेच मार्क जातात आणि माझ्या मते जायलाच हवेत, कारण कारण लिहिलं नाही तर ती ओळ नुसती आकृतीकडे बघून लिहिल्यासारखी होते.

कसोटी कुठली हा दुसरा घोळ. काहीजण बाकोबा लिहितात. पण बाकोबाला कोन दोन बाजूंच्या मधला लागतो आणि इथे OA आणि OP ह्यांच्या मधला कोन आहे तो O पाशी, तो आपल्याला माहीतच नाही, आपल्याला माहीत आहे तो P पाशी. दोन बाजू आणि मधला नसलेला कोन एवढ्यावर एरवी त्रिकोण एकरूप ठरत नाहीत. इथे ठरतात ते फक्त कोन 90° आहे म्हणून. ते पटत नसेल तर पायथागोरस लावून बघा,

AP² = OA² − OP²
PB² = OB² − OP²

OA आणि OB सारख्या, OP तर एकच, म्हणजे उजवीकडचं सगळं सारखं. AP आणि PB लांब्या आहेत, ऋण असणार नाहीत, म्हणून AP = PB. हीसुद्धा पूर्ण सिद्धता आहे आणि मला स्वतःला हीच जास्त आवडते, एकरूपतेचं नावही न घेता काम होतं. तिसरी वाटही आहे, OA = OB म्हणून ΔOAB समद्विभुज, म्हणून A आणि B पाशचे कोन सारखे, आणि मग दोन कोन एक बाजू. युक्लिडने आपल्या तिसऱ्या पुस्तकात हाच रस्ता धरलाय.

भाचीने मग एक प्रश्न विचारला, तो ऐकून मला फार बरं वाटलं. "मावशी, P नेमका A वरच पडला तर? मग त्रिकोणच राहणार नाही." अगदी बरोबर शंका आहे. समजा P हा A वरच पडला. मग ∠OAB = 90°, म्हणजे ΔOAB मध्ये OB हा कर्ण झाला आणि कर्ण सगळ्यात मोठी बाजू, म्हणून OB > OA. पण दोन्ही त्रिज्या आहेत, एक मोठी कशी असेल? म्हणून P कधीच A वर पडत नाही, आणि तसाच B वरही नाही. आणि A, P, B एका रेषेत, A आणि B वेगळे, AP = PB, म्हणजे P बरोब्बर मधेच बसतो, बाहेर कुठे जायची सोयच नाही.

जीवा हीच व्यास असेल तर? तेव्हा O जीवेवरच असतो, P आणि O एकच, त्रिकोण बनत नाही. पण तिथे सिद्ध करायला उरलंच काय, OA = OB म्हणजेच AP = PB. शाळेत हे लिहायला सांगत नाहीत, पण डोक्यात स्पष्ट असावं.

स्वतःला तपासायचं असेल तर एक करा, सिद्धता झाली की बघा पक्षातली प्रत्येक गोष्ट कुठे वापरली. लंब वापरला पहिल्या ओळीत, केंद्र वापरलं दुसऱ्या ओळीत. ह्यातलं एक जरी वापरलं गेलं नसेल तर कुठेतरी चूक आहेच, कारण केंद्र सोडून वर्तुळातल्या भलत्याच बिंदूतून लंब टाकला तर तो जीवेला दुभागेलच असं नाही. भाचीच्या पेपरात लंब कुठेच वापरलेला नव्हता.

अर्धी जीवा ही काही किरकोळ चीज नाही बरं का. आर्यभटांनी अख्ख्या जीवेऐवजी अर्धज्या धरून 24 मूल्यांची सारणी दिली, आणि शाळेत त्रिकोणमितीत जे साईन येतं ते ह्याच अर्ध्या जीवेचं. लंबाने जीवेचे दोन सारखे भाग होतात म्हणून तर अर्ध्यावर काम भागतं.

आता परत ताटलीकडे. त्रिज्या 10, अर्धी जीवा 8, मग केंद्रापासून जीवा किती लांब? 100 − 64 = 36, म्हणजे 6 सेंमी. हे न मोजता काढलं. मग तिला म्हटलं आता पट्टी लाव. फोनवर थोडा वेळ शांतता, पट्टी टेबलावर ठेवल्याचा आवाज, आणि मग, "मावशी, सहाच आहे!"