मनीषाच्या दंडाच्या मापाबद्दल आईला पत्र

आश्रमशाळा आरोग्य कक्ष, ता. जव्हार, जि. पालघर
दि. २ डिसेंबर

सौ. सुमनताई यांस,
नमस्कार.

सोमवारी तिसरीच्या मुलींची वजन-उंची घेतली. मनीषाचं वजन १७.१ किलो आणि उंची ११८ सेंटीमीटर भरली. डाव्या दंडाचा मधला घेर १३.८ सेंटीमीटर आला. माझीच चूक नको म्हणून टेप पुन्हा लावून पाहिली, तरी तेवढाच.

पत्रासोबत दोऱ्याचे दोन तुकडे पाठवतेय. पांढरा मनीषाच्या दंडाएवढा आहे. लाल साडेचौदा सेंटीमीटरचा आहे, या वयात दंड निदान तेवढा तरी हवा. दोन्ही शेजारी धरून बघा. पोटाला कमी पडलं की शरीर अंगावरचं मांस आणि चरबी वापरतं, ते दंडावर दिसतं, म्हणून दंड मोजतो.

कार्डावर ‘बीएमआय झेड-स्कोअर उणे २.६’ असं लिहिलंय. उंचीच्या मानाने तिचं वजन किती आहे, हे तिच्या वयाच्या निरोगी मुलींशी ताडून काढलेला हा आकडा. उणे दोनच्या खाली गेला की मूल जास्त बारीक समजतात, उणे तीनच्या खाली फार धोक्याचं. तिच्या वयाच्या शंभर निरोगी मुलींत मनीषाच सगळ्यात बारीक ठरेल. ‘आमच्या घरात सगळेच बारीक’ असं म्हणून हे सोडून देऊ नका.

ताई, यात तुम्हाला दोष देत नाही. रोपणी-कापणीत तुमची किती धावपळ होते ते मला ठाऊक आहे. मनीषा सांगते की सकाळी चहा-बटर खाऊन निघते, मग थेट शाळेचं जेवण. मधल्या वेळी पोट रिकामंच. सकाळी नागलीची अर्धी भाकर तेल-चटणी लावून द्या. दप्तरात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवा. संध्याकाळी डाळ घट्ट करा. घरी अंडं किंवा सुकट असेल तेव्हा तिच्या ताटात आधी वाढा. बाजारातली महागडी पावडर आणू नका, त्या पैशात महिनाभराचे शेंगदाणे येतील.

पण नुसत्या खाण्याने भागेलच असं नाही. पोटात जंत, रक्त कमी, जुना ताप किंवा टीबी असला तर खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून गुरुवारी सकाळी दहाला तिला घेऊन जव्हारच्या सरकारी दवाखान्यात या. मी तिथे असेन. तपासणीला पैसे लागत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का, घरात कुणाला टीबी झाला होता का, हे आठवून ठेवा.

पावलांवर सूज आली, खाणंच सोडलं, सारखी उलटी-जुलाब झाले किंवा मूल मलूल पडलं, तर गुरुवारची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या.

हे सगळं मी वर्गात कुणासमोर बोललेले नाही. मनीषाला एवढंच सांगितलंय की आपण तुझा दंड लाल दोऱ्याएवढा करायचा. दर पंधरा दिवसांनी मोजेन आणि तुम्हाला कळवेन.

आपली,
सुनंदा सिस्टर