देवाबद्दल बोलतो तेव्हा नेमकं काय बोलतो? (धर्माचं तत्त्वज्ञान, सेमिनार ४, हँडआउट)

बुधवारी येण्याआधी हे एकदा निवांत वाचून या. मागच्या वेळी चर्चा जिथं अडकली तिथूनच सुरू करतोय. आपल्यातल्या एकीनं विचारलं होतं की आजी म्हणते 'सिद्धरामेश्वर सगळं बघतोय', मग त्याला डोळे आहेत का? आणि वर्गाचे लगेच दोन गट पडले, एक म्हणाला मग वाक्य खोटं आहे, दुसरा म्हणाला अहो ती नुसती बोलायची पद्धत आहे. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात, कारण दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरली की वाक्य एकतर शब्दशः खरं असतं नाहीतर त्यात काही दम नसतो. खरं म्हणजे मध्ये बरीच जागा आहे, आणि धर्मातलं बरंचसं बोलणं त्याच जागेत चालतं.

आधी शब्दशः म्हणजे काय ते बघू. 'शब्दशः' म्हणजे 'शारीरिक' नव्हे, हा गोंधळ पेपरात दरवर्षी दिसतो. 'देव आहे', 'देवानं जग निर्माण केलं' ही वाक्यं बहुतेक आस्तिक शब्दशःच घेतात, त्यात हातपाय कुठं आले? शब्द नेहमीच्या अर्थानं वापरला की तो शब्दशः, बास. मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत डन्स स्कोटस (मृत्यू १३०८) याचा मुद्दा इथं लक्षात ठेवा: 'आहे' किंवा 'चांगला' या शब्दाचा माणसाबद्दल आणि देवाबद्दल काहीतरी सामाईक अर्थ नसेल, तर माणसापासून देवाकडे कुठलाच तर्क करता येणार नाही, कारण मधल्या मध्ये शब्दच बदललेला असेल. हा आक्षेप जड आहे, पुढं परत लागेल.

आता अ‍ॅनॉलॉजी, म्हणजे साधर्म्य. इथं ख्रिस्ती विचारवंत थॉमस अक्वायनसला (१२२५–१२७४) टाळून चालत नाही. त्याचं नेहमीचं उदाहरण 'निरोगी' या शब्दाचं आहे, आपण ते जेवणाच्या ताटातून बघू. आपण म्हणतो ज्वारीची भाकरी हेल्दी आहे, अमक्याचा चेहरा हेल्दी दिसतो, आणि तो माणूस हेल्दी आहे. तिन्हीकडं शब्द एकच. पण भाकरीची तब्येत चांगली आहे असं कुणी म्हणत नाही, भाकरी तब्येत चांगली ठेवते म्हणून हेल्दी, चेहरा तब्येतीची खूण म्हणून हेल्दी, आणि माणूस मात्र खराखुरा हेल्दी. म्हणजे अर्थ अगदी तोच नाही, आणि 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे टॅक्स यासारखा योगायोगही नाही. अर्थ वेगळे असूनही एका मुळाशी बांधलेले आहेत, त्यालाच साधर्म्यानं बोलणं म्हणायचं.

इथं बरेच जण घसरतात. ते लिहितात की 'देव चांगला आहे' म्हणजे फक्त 'देव चांगुलपणाचं कारण आहे', भाकरीसारखं. अक्वायनस स्वतःच हे नाकारतो. तो म्हणतो, असं असेल तर देव शरीरांचंही कारण आहे, मग 'देव शरीर आहे' असंही म्हणायला हवं, पण तसं कुणी म्हणत नाही. शिवाय भक्ताला तेवढंच म्हणायचंही नसतं. त्याला म्हणायचं असतं की चांगुलपणा देवात खरोखर आहे, आपल्यापेक्षा अधिक पूर्णपणे आहे, फक्त आपण तो ज्या पद्धतीनं ओळखतो आणि शब्दात मांडतो ती पद्धत माणसाच्या मापाची आहे. जे सांगायचंय ते देवाला लागू पडतं, सांगण्याची रीत तोकडी पडते. हा फरक अधोरेखित करा, सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

याच्या उलट टोकाला ज्यू विचारवंत मायमोनिडीस (मृत्यू १२०४). तो म्हणतो की देव काय नाही एवढंच सांगा, त्याच्या स्वरूपाबद्दल होकारार्थी काही बोलू नका. आपल्याला उपनिषदातलं 'नेति नेति' आठवेल, आणि आठवणं बरोबर आहे, पण दोन्ही एकच म्हणून टाकू नका, पार्श्वभूमी फार वेगळी आहे.

एक सोपी कसोटी देतो. 'देव माझा खडक आहे' म्हणणाऱ्याला विचारा, खरंच खडक आहे का? तो लगेच नाही म्हणेल आणि त्याची श्रद्धा जराही हलणार नाही. 'देव दयाळू आहे' म्हणणाऱ्याला विचारा, खरंच दयाळू आहे का? तो म्हणेल हो, आपल्यापेक्षा जास्तच. पहिलं रूपक, दुसरं साधर्म्य. आता आजीचं वाक्य लावून बघा. डोळे विचारलेत तर ती नाही म्हणेल, 'त्याला कळतं का?' विचारलंत तर हो म्हणेल. म्हणजे एकाच छोट्या वाक्यात डोळ्यांचं रूपक आहे आणि जाणण्याचं साधर्म्य आहे, आणि ती या दोन्हीत सहज फिरते.

प्रतीकाचं काय? यासाठी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा आठवा. पांढऱ्या बाराबंदीतले लोक उंच नंदीध्वज पेलत आणतात, सात नंदीध्वज, आणि सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभार कन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो, हजारो लोक अक्षता टाकतात. आता कुणी म्हणालं 'लग्न झालंच नाही, काठी तर होती', तर तो घटनेबद्दल बरोबर आणि अर्थाबद्दल साफ चुकीचा आहे. ख्रिस्ती धर्मचिंतक पॉल टिलिख (१८८६–१९६५) चिन्ह आणि प्रतीक यात हाच फरक करतो. सिग्नलचा लाल दिवा चिन्ह आहे, उद्या सगळ्यांनी ठरवून निळा केला तरी वाहनं थांबतील. नंदीध्वजाच्या जागी मात्र मीटिंगमध्ये ठरवून दुसरा दांडा उभा करता येत नाही. टिलिखच्या मते प्रतीक ज्याच्याकडे बोट दाखवतं त्यात स्वतः सहभागी असतं, ते ठरवून बनवता येत नाही, ते रुजतं आणि कधी मरतंही. म्हणून 'नुसतं प्रतीक' हे शब्द त्याला मान्य नाहीत, आणि मलाही नाहीत.

पण अडचण आहे, ती लपवू नका. सगळंच प्रतीक म्हटलं तर ते कशाचं प्रतीक हे कुठल्या भाषेत सांगायचं? टिलिखनं स्वतः एक विधान बाहेर काढलं, की देव म्हणजे खुद्द अस्तित्व, हे प्रतीकात्मक नाही. म्हणजे कुठंतरी शब्दशः पाय टेकवावा लागलाच, आणि इथं स्कोटस परत आठवतो.

आपल्या परंपरेत शब्दाचा अर्थ लागण्याच्या अभिधा, लक्षणा, व्यंजना या तीन रीती आहेत, त्यांची आठवण बऱ्याच जणांना येईल. 'गंगेवर गवळीवाडा' म्हणजे पाण्यावर नाही, काठावर, ही लक्षणा, कारण मुख्य अर्थ जुळत नाही. 'तत्त्वमसि', म्हणजे 'ते तू आहेस', याचा अर्थ लावताना अद्वैती लक्षणाच वापरतात. पण वरच्या शब्दशः, साधर्म्य, प्रतीक या तिघांशी या तिघांची जोडी लावून टेबल बनवू नका, तसं ते बसत नाही.

बुधवारी 'विठ्ठल माझी माऊली' हे वाक्य घेऊ. वारीत माणसं एकमेकांनाही माऊली म्हणतात, विटेवरचा देव पुरुषरूपात आहे, तरी म्हणणाऱ्याला काही खटकत नाही. या वाक्यात काय शब्दशः, काय साधर्म्यानं, काय प्रतीक, ते अर्ध्या पानात लिहून आणा, आणि घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना वरची 'खरंच का?' कसोटी विचारा, त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.