रुग्ण-ओळख धोरण: मनगटावरचा बँड आणि दोन ओळखखुणा

लागू: १ जुलै २०२५ पासून, सर्व विभागांत. जबाबदारी: वैद्यकीय अधीक्षक आणि मेट्रन. फेरआढावा: जून २०२६.

१. हे कोणासाठी

औषध देणारे, रक्त काढणारे किंवा चढवणारे, तपासणीला नेणारे आणि रुग्णाच्या अंगाला उपचारासाठी हात लावणारे सगळे यात आले. कन्सल्टंट, निवासी डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, लॅब आणि एक्स-रे टेक्निशियन, वॉर्डातले मामा-मावशी यांपैकी कोणालाही सूट नाही. रुग्ण वीस वर्षांचा ओळखीचा असला तरीही नाही.

२. ओळखखुणा दोनच

पहिली खूण पूर्ण नाव: स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे, आणि आडनाव. दुसरी खूण आपल्या रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, म्हणजे यूएचआयडी. दोन्ही जुळल्या तरच पुढे जायचे.

जन्मतारीख दुसरी खूण का नाही, असे नवीन सिस्टर नेहमी विचारतात. आपल्याकडच्या ज्येष्ठ रुग्णांपैकी कितीतरी जणांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे; शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती. एका वॉर्डात १ जूनचे चार आजोबा सहज निघतात. म्हणून जन्मतारीख बँडवर छापली जाईल, पण दोन खुणांत धरली जाणार नाही.

खाट क्रमांक, खोली, आजार, डॉक्टरांचे नाव यांपैकी काहीही ओळख नव्हे. “सात नंबरला इंजेक्शन दे”, “हर्नियावाल्या काकांना ओटीत घ्या” असे बोलणे वॉर्डात चालते, ते एका दिवसात थांबणार नाही हे आम्हांलाही माहीत आहे. पण त्या बोलण्यावर औषध द्यायचे नाही. खिडकीजवळ वारा लागतो म्हणून रुग्ण आपसांत खाटा बदलतात आणि कोणाला सांगत नाहीत.

३. नाव विचारायचे, सुचवायचे नाही

“तुम्ही शिंदेमामा ना?” या प्रश्नाला कमी ऐकू येणारा, गुंगीत असलेला किंवा भिडस्त माणूस “हो” म्हणतो. म्हणून प्रश्न एकच: “तुमचं पूर्ण नाव सांगा.” नाव रुग्णाच्या तोंडून ऐकायचे, क्रमांक बँडवरून वाचायचा आणि दोन्ही हातातल्या कागदाशी ताडायचे. हातातला कागद म्हणजे ड्रग चार्ट, रक्ताच्या पिशवीचे लेबल, तपासणीचा फॉर्म किंवा संमतीपत्र. नुसता बँड केसपेपरशी जुळवून उपयोग नाही. चूक बहुतेक वेळा हातातल्या वस्तूत असते.

दर वेळी तेच विचारले की रुग्ण वैतागतात. भरती करतानाच सांगून ठेवावे: “आम्ही प्रत्येक वेळी नाव विचारणार. कोणी विचारलं नाही तर तुम्हीच आठवण करा.”

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे आधार कार्ड अनेकदा माहेरच्या नावाचे असते आणि जुना केसपेपर सासरच्या नावाचा. नोंदणी खिडकीवर दोन्ही नावे विचारून जुना यूएचआयडी शोधावा. नवा क्रमांक उघडण्याची घाई करू नये. एकाच रुग्णाचे दोन क्रमांक झाले तर जुना रक्तगट आणि जुनी ॲलर्जी दुसऱ्या फायलीत पडून राहते.

एका वॉर्डात मिळत्याजुळत्या नावांचे दोन रुग्ण असतील (ऊसतोडीच्या हंगामात एकाच गावचे, एकाच आडनावाचे बरेच येतात), तर दोघांच्या केसपेपरवर आणि ड्रग चार्टवर “नामसाधर्म्य” असा लाल शिक्का मारावा. शक्य असेल तर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावे.

४. बँड

भरती होताच, वॉर्डात पाठवण्याआधी, पांढरा बँड बांधावा. त्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत, यूएचआयडी, लिंग, वय आणि जन्मतारीख असेल. ॲलर्जी असल्यास पांढऱ्याऐवजी लाल. तिसरा रंग आपल्याकडे नाही आणि कोणी सुरू करू नये.

बँड शक्यतो सलाईन नसलेल्या हातावर. डायलिसिसचा फिस्टुला असलेल्या हातावर कधीही नाही. बाळंतिणीच्या हातात हिरवा चुडा असतो. बांगड्या उतरवायला न लावता बँड पायाच्या घोट्यावर बांधावा. गंडादोरा तोडू नये. भाजलेल्या किंवा दोन्ही हातांना प्लास्टर असलेल्या रुग्णालाही घोट्यावरच. खाटेच्या दांड्याला किंवा सलाईनच्या स्टँडला अडकवलेला बँड म्हणजे बँड नसल्यासारखेच.

इंट्राकॅथ लावण्यासाठी किंवा ओटीत बँड कापावा लागला, तर ज्याने कापला त्यानेच लगेच नवा बांधायचा. बँड नसलेल्या रुग्णाला नियमित औषध नाही, रक्त नाही, ओटी नाही. जीव धोक्यात असेल तर उपचार थांबवायचे नाहीत. मात्र दुसऱ्या कर्मचाऱ्याने तोंडी खात्री करावी आणि केसपेपरवर तशी नोंद व्हावी.

नवजात बाळाला दोन बँड, एक मनगटावर आणि एक घोट्यावर, लेबर रूममधून बाहेर काढण्यापूर्वी. त्यावर आईचे नाव, आईचा यूएचआयडी, बाळाचे लिंग, जन्मवेळ. जुळ्यांना “बाळ १” आणि “बाळ २”. बाळ आईकडे देताना दर वेळी दोघांचे क्रमांक मोठ्याने वाचावेत.

५. रक्त

इथे चुकीला जागा नाही. गट न जुळणारे रक्त थोडे जरी गेले तरी जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते, आणि भूल दिलेला रुग्ण थंडी वाजते किंवा कंबर दुखते असे सांगूही शकत नाही.

नमुना घेताना एका वेळी एकच रुग्ण. आधी लेबल लावून ठेवलेल्या नळ्या ट्रेमध्ये नेऊ नयेत. रक्त काढल्यावर खाटेशेजारी उभे राहूनच लेबल लिहावे. नंतर स्टेशनवर जाऊन लिहिलेली नळी रक्तपेढी परत करेल, आणि डॉक्टरांच्या फोनवरही स्वीकारणार नाही. रक्तगटाची आपल्याकडे जुनी नोंद नसेल तर वेगळ्या वेळी दुसरा नमुना घ्यावा.

पिशवी लावण्यापूर्वी दोघांनी, त्यांतला एक डॉक्टर किंवा नोंदणीकृत सिस्टर, खाटेशेजारी स्वतंत्रपणे तपासावे: नाव, यूएचआयडी, पिशवीचा क्रमांक, रक्तगट, मुदत, क्रॉसमॅचचा अहवाल. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने मान डोलवायची, याला तपासणी म्हणत नाहीत. मध्येच फोन आला तर पहिल्यापासून सुरुवात. ३० मिनिटांत सुरू होणार नसेल तर पिशवी रक्तपेढीत परत द्यावी. पहिली १५ मिनिटे सिस्टरने रुग्णापाशीच थांबावे. एक पिशवी ४ तासांत संपली पाहिजे.

६. ओटी आणि इतर प्रक्रिया

जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी आपण वापरतो. भूल देण्यापूर्वी रुग्ण जागा असताना नाव, क्रमांक, शस्त्रक्रिया आणि बाजू त्याच्याकडून वदवून घ्यावी. चिरा देण्याआधी सगळ्यांनी हात थांबवून तेच पुन्हा मोठ्याने म्हणावे. एंडोस्कोपी, छातीत नळी टाकणे, सीटीचा कॉन्ट्रास्ट यांनाही हेच लागू.

७. जे बोलू शकत नाहीत

बेशुद्ध रुग्ण, लहान मूल किंवा भान नसलेल्या वृद्धाचे नाव नातेवाइकाला विचारावे आणि त्याचे नाते केसपेपरवर लिहावे. कन्नडभाषक रुग्णासाठी दुभाष्या बोलवावा. शेजारच्या खाटेवरच्याला विचारू नये. अनोळखी अपघातग्रस्ताला “अनोळखी पुरुष” किंवा “अनोळखी स्त्री” आणि नवा यूएचआयडी द्यावा. ओळख पटल्यावर नाव रक्त चालू असताना बदलायचे नाही; पिशवी संपल्यावर बदलावे आणि पुढच्या क्रॉसमॅचसाठी नवा नमुना पाठवावा.

बँड नको म्हणणाऱ्यावर जबरदस्ती नाही. धोका समजावून सांगावा, सही घ्यावी आणि त्या रुग्णाची ओळख दर वेळी दोघांनी पटवावी.

८. चूक झाली किंवा होता होता वाचली तर

त्याच पाळीत घटना-फॉर्म भरावा. वेळीच लक्षात आलेली चूक कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे मेट्रन आणि अधीक्षक दोघांनी मान्य केले आहे. न तपासता चार्टवर सही ठोकणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. दर महिन्याला प्रत्येक वॉर्डात २० रुग्णांचे बँड न कळवता तपासले जातील.

डिस्चार्जच्या वेळी बँड सिस्टरने कापावा आणि नाव दिसणार नाही असा फाडून टाकावा. मृत्यू झाल्यास बँड काढू नये. देह नातेवाइकांच्या ताब्यात देताना तोच वाचून सही घ्यायची आहे. बँडचे कोरे रोल कॅज्युअल्टीच्या डाव्या कपाटात आहेत, रात्रीची किल्ली ड्यूटी सिस्टरकडे.