घरातली बोलणी: कोण बोललं, कोणाला बोललं, कधी बोललं

आधी थोडं

या वर्षी कानबाईला सगळे गावी जमतील तेव्हा प्रत्येक घरात या पुस्तिकेची एक प्रत जाईल. बोरीकाठच्या आपल्या घरात आप्पा, जिजी, नाना, नानी आणि त्यांच्या आधीची मोठी माय जे बोलले, त्यातलं जेवढं साक्षीदारासह मिळालं तेवढं यात आहे.

घरच्या ग्रुपवर आप्पांची वाक्यं फुलांच्या चित्रावर लिहून येऊ लागली, तेव्हाच हे काम करायचं ठरवलं. वाक्य बरोबर असायचं, पण ते कोणावर चिडून बोलले, समोर कोण रडत होतं, त्या वर्षी पाऊस झाला होता की नाही, यातलं काहीच तिथे नसायचं. आप्पा सुविचार सांगणारे नव्हते. ते शेतातून आलेले, भुकेले, कधी चुकीचे, कधी फार मोठ्या मनाचे असे होते. म्हणून नियम केला की प्रसंग सांगणारा कोणी नसेल तर ते बोलणं घ्यायचं नाही. त्यामुळे पाठ असलेली कितीतरी वाक्यं बाहेर राहिली. त्याचं मला वाईट वाटतं, तरी नियम मोडला नाही.

बोलणी अहिराणीत आहेत, ऐकली तशीच. पुण्या-सुरतेकडच्या पोरांसाठी प्रसंग मराठीत लिहिला आहे. साल कोणालाच आठवत नव्हतं. दुष्काळ, पूर, कोणाचं लग्न, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला ते १९९८, अशा खुणांवरून जमेल तिथे साल लावलं. जमलं नाही तिथे खूणच ठेवली.

१. "भूक इचारीसन येत नही, आपन इचारीसन काब्र वाढानं?"

*जिजी, आप्पांना. दुष्काळाचं साल, १९७२. सांगणार: जिभाऊ, तेव्हा दहा वर्षांचे.*

सडकेवर खडी फोडायचं काम निघालं होतं. आपल्या घरातूनही जिजी आणि थोरली फुई जात होत्या, हे आजच्या पोरांना माहीत नसेल. रेशनवर मिलो यायचा, ती परदेशी तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची. दादरच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांना ती घशाखाली उतरवणं अवघड होतं, तरी तीसुद्धा मोजूनच मिळायची.

एके संध्याकाळी कामावरचं एक कुटुंब ओट्याशी येऊन टेकलं. बाई, दोन लेकरं आणि एक म्हातारा. जिजीने भाकरी काढल्या. आप्पांनी म्हाताऱ्याला विचारलं, कोणत्या गावचे, कोणाचे? तो जातीविषयीचा प्रश्न होता हे ओट्यावरच्या सगळ्यांना कळलं. म्हातारा खाली बघत राहिला. जिजी आतून हे बोलली, तेही सगळ्यांसमोर, नवऱ्याचं तोंड न बघता. त्या काळी आपल्या घरात असं होत नसे.

आप्पा काही बोलले नाहीत. उठले आणि लोटा भरून आणला. त्या रात्री घरच्यांना अर्धी-अर्धी भाकरी आली आणि मी फार रडलो, असं जिभाऊ सांगतात. तेही लिहायला त्यांनीच सांगितलं आहे.

२. "काटाले डोया, तोंडले कुलूप."

*आप्पा, जिभाऊंना. सांगणार: स्वतः जिभाऊ.*

कापसाची गाडी घेऊन जिभाऊ पहिल्यांदा जिनिंगवर गेले होते. तिथला मुनीम गोड बोलणारा. चहा मागवला, शिक्षणाची चौकशी केली, आणि जिभाऊ खुलून बोलत राहिले. तोवर तोल होऊन गेला. किती भरला हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. परत येताना बैलगाडीत आप्पा एवढंच बोलले आणि गाव येईपर्यंत गप्प राहिले. आज जिभाऊ किराणा दुकानातही काट्याकडे बघत उभे राहतात. ते का, हे आता सुनांनाही कळेल.

३. "भोंगा कोनी वाट देखत नही. मी देखस."

*मोठी माय (आप्पांची आई), नानांना. सांगणार: नानी.*

नाना अमळनेरला मिलमध्ये कामाला होते, सायकलने जायचे. पाळी चुकायला नको म्हणून न जेवता निघाले आणि मोठी माय भाकरीचं फडकं घेऊन वेशीपर्यंत मागे धावत गेली. नाना ओरडले, भोंगा होईल! त्यावरचं हे उत्तर. नानी तेव्हा नवी नवरी होती, दारातून ऐकत होती. मोठ्या मायचं साक्षीदारासह मिळालेलं हे एकच बोलणं. तिचा फोटोही नाही.

४. "आंडेर पाहुनी नही, पन वहू बी मजूर नही."

*जिजी, आपल्या दोन्ही मुलींना. आखाजीला, काकूच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. सांगणार: काकू. थोरल्या फुईने दुजोरा दिला.*

आखाजीला माहेरवाशिणी आल्या होत्या. निंबाला झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली. काकू सकाळपासून चुलीपुढे, खापरावर मांडे टाकत होती. ज्यांनी खापरावरचा मांडा केला आहे त्यांनाच त्याचा ताप माहीत. पुरण भरलेला उंडा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि तापल्या खापरावर अलगद सोडायचा. फुईने झोक्यावरून हाक मारली, वहिनी, अजून दोन आण. जिजी पडवीत तांदूळ निवडत बसली होती. सूप खाली ठेवून तिने हे म्हटलं. मग दोघी फुया उठल्या, काकूला झोक्यावर बसवलं आणि उरलेले मांडे त्यांनी टाकले. काही फाटले.

काकूचं माहेर लांब होतं, त्या वर्षी तिला न्यायला कोणी आलं नव्हतं. हे तिने मला यंदा सांगितलं. जिजीला ते तेव्हाच माहीत होतं.

५. "आंडेर शिकीसन कोना घर उजाये करी?"

*आप्पा, धाकट्या फुईला.*

"त्या दिन मी चुकीनं बोलनू. तू आयकं नही, बरं करं."

*आप्पा, तिलाच. सांगणार: धाकटी फुई.*

ही दोन बोलणी एकाच पानावर ठेवायची, ही फुईची अट. पहिलं गाळावं असं घरातल्या तिघांनी सुचवलं. आप्पांचं नाव खराब होईल, असं त्यांना वाटत होतं. मला पटलं नाही. पहिलं गाळलं तर दुसऱ्याची किंमतच कळणार नाही.

फुई मॅट्रिक झाली होती आणि तिला डीएडला जळगावला जायचं होतं. आप्पा ओसरीत ओरडले, सगळ्या गल्लीने ऐकलं. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जिजीने आपल्या पाटल्या काढून भाऊंच्या हातात ठेवल्या आणि फीचं बघ म्हणाली. जिजी त्या वेळी काय बोलली, हे ना भाऊंना आठवतं ना फुईला. म्हणून जिजीचं काही इथे नाही, पण पाटल्या गेल्या त्या गेल्याच, हे कुठेतरी लिहिलेलं असावं.

दुसरं बोलणं पुष्कळ वर्षांनंतरचं. फुई तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सुट्टीत आली असताना आप्पांनी तिला सातबारा वाचायला दिला, तेव्हा मळ्याच्या उताऱ्यावर एका हिस्सेदाराचं नाव सुटलेलं तिला दिसलं. तिनेच अर्ज लिहिला आणि नोंद दुरुस्त झाली. नवा उतारा हातात घेऊन आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हे म्हणाले. गल्लीने पहिलं ऐकलं होतं, तसं दुसरंही ऐकावं म्हणून ओसरीतच, मोठ्याने. हे फुईने आवर्जून सांगितलं.

६. "बांध शेतमा ऱ्हाऊ द्या, ताटमा नको."

*आप्पा किंवा जिजी. आप्पा-नानांच्या वाटणीच्या वेळी.*

यावर अजून एकमत नाही, म्हणून दोन्ही साक्षी देते.

जिभाऊ: "तलाठी, पंच, सगळे शेतात होते. बांध टाकून झाला. नाना निघाले तेव्हा आप्पांनी हात धरला, हे म्हणाले आणि जेवायला घरी आणलं."

थोरली फुई: "आप्पा म्हणाले असतील, पण शब्द जिजीचे. आदल्या रात्री दुसरी चूल मांडायचं निघालं. जिजी नि नानी दोघी रडत होत्या. जिजीनं तेव्हा म्हटलं. आप्पा खाटेवर जागे होते, ऐकत होते."

नानीला विचारलं तर ती म्हणाली, कोणी का बोललं असेना, मी दुसरी चूल मांडली ती सहा महिन्यांनी. आखाजीचं आणि कानबाईचं जेवण अजूनही एकत्रच होतं, हे मात्र सगळ्यांना मान्य आहे.

७. "भरीतले घाई नही, घाईले भरीत नही."

*काकू, घरातल्या सगळ्यांना.*

दादाला बघायला पाहुणे येणार होते, उशीर झालेला. वांगी गॅसवर भाजून टाक, असं कोणीतरी म्हटलं. काकूने पऱ्हाट्यांचा जाळ केला आणि पाहुण्यांना ओट्यावर बसवून ठेवलं. सोयरीक जुळली. वहिनी म्हणते, धुराचा वास घरभर होता म्हणूनच मला ते घर आवडलं.

८. "सुरतमा ऱ्हास तरी तो रोटमा शे."

*जिजी, भाऊंना. श्रावणात, कानबाईच्या आधी. सांगणार: भाऊ.*

रोटांचे गहू घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून घेतात, हे पोरांनी लक्षात ठेवावं. त्या वर्षी सुरतच्या काकांच्या कारखान्यात सुट्टी नव्हती, ते येणार नव्हते. भाऊ म्हणाले, मग त्यांच्या मुठी कशाला? जिजीने हे म्हणत त्यांच्या मुठी स्वतःच्या हाताने टाकल्या. सोमवारी कानबाईचं विसर्जन करून सगळे नदीवरून परतले, तर काका दारात बसलेले. नोकरी सोडून आले होते! जिजी त्यांच्यावर रागावली. तो राग या पुस्तिकेत छापण्यासारखा नाही, काकांना तो शब्दन् शब्द पाठ आहे. दुसरी नोकरी त्यांना पुढच्याच महिन्यात मिळाली.

९. "मना नावखाले जागा सोड. मी आजून बोली ऱ्हायनी."

*नानी, मला. याच उन्हाळ्यात.*

कच्चा मजकूर नानीला ओट्यावर बसून वाचून दाखवला. तिची साक्ष दोन ठिकाणी आहे, पण तिचं स्वतःचं बोलणं एकही नव्हतं. मी विचारलं, नानी, तुझं काय लिहू? ती शेंगा फोडत होती, मान वर न करता हे म्हणाली. म्हणून शेवटची आठ पानं रेघा मारून कोरी ठेवली आहेत. नानीजवळ जो असेल त्याने तिथे लिहावं, तारीख टाकावी आणि तिथे आणखी कोण होतं तेही लिहावं. पेन्सिलने नको, शाईनेच.