चौदाव्या दिवसानंतर: शोकसोबत गटाच्या पहिल्या बैठकीचे प्रास्ताविक

नमस्कार. एवढ्या पावसात तुम्ही आलात. आज सकाळी काहींनी मला ‘आज जमेल असे वाटत नाही’ असे कळवले होते आणि तरीही ते आत्ता समोर बसले आहेत. कोण, ते मी सांगणार नाही. उंबरठ्यावरून परत फिरावेसे वाटणे या खोलीत कोणालाच अपरिचित नसावे.

माझे नाव वसुधा. मी समुपदेशनाचे काम करते. दाराजवळ बसलेले निखिल हे माझे सहकारी आहेत. पुढचे आठ शनिवार, दुपारी चार ते साडेपाच, वाचनालयाच्या याच वरच्या खोलीत आपण भेटू. तुम्ही नऊ जण आहात आणि पुढच्या शनिवारपासून गटात नवीन माणूस घेतला जाणार नाही, कारण दर वेळी अनोळखी चेहऱ्यासमोर सगळे पहिल्यापासून सांगावे लागणे किती थकवते, हे तुम्ही गेल्या काही महिन्यांत पुरेसे अनुभवले आहे.

आपल्याकडे माणूस गेल्यावर पहिल्या काही दिवसांची व्यवस्था फार विचारपूर्वक लावलेली असते. शेजारून पिठले-भात येतो, घरात चूल पेटवू दिली जात नाही, दहाव्याला कावळा पिंडाला शिवेपर्यंत सगळे नदीकाठी थांबतात, तेराव्याला गोडाचे जेवण होते. तुमच्यापैकी काहींच्या घरी हे विधी नसतील. तिथे पुण्यानुमोदन असेल, चाळिसावा असेल, चर्चमधली प्रार्थना असेल. पण त्यानंतरचा दिवस सगळ्यांच्या घरी सारखाच असतो. पाहुणे गाडीत बसतात, सतरंज्या परत जातात, आणि ज्याचे माणूस गेले आहे त्याच्यापुढे बँकेचे अर्ज, रिकामा पलंग आणि मोबाइलमध्ये अजून जपून ठेवलेला तो नंबर उरतो. हा गट त्या चौदाव्या दिवसानंतरच्या काळासाठी आहे. तुमच्यापैकी कोणाला तो दोन महिन्यांपूर्वी सुरू झाला, कोणाला चार वर्षे झाली. चार वर्षांनी येणाऱ्याने ‘मी उशीर केला का’ असे विचारले होते. नाही केला.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात, असे तुम्ही कुठेतरी वाचले असेल: नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 साली त्या मांडल्या, त्याही मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या, आणि तेव्हापासून अनेक माणसे आपण कुठल्या पायरीवर अडकलो आहोत याची उगाच काळजी करत आली आहेत. मला त्याहून उपयोगी वाटते ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडलेले निरीक्षण. शोकातला माणूस दोन टोकांमध्ये हेलकावत असतो: कधी तो गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो, तर कधी गॅसचे पुस्तक कोणाच्या नावावर करायचे यात गुंततो, आणि या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात. म्हणून एखाद्या दुपारी तुम्ही खळखळून हसलात, तर ती गेलेल्या माणसाशी प्रतारणा नव्हे. आणि त्याच रात्री पुन्हा रडू कोसळले, तर तुम्ही मागेही गेलेला नाहीत.

आता थोडे नियमांविषयी. इथे ऐकलेले इथेच ठेवायचे. घरी जाऊन ‘आज एक बाई म्हणत होत्या’ एवढेही सांगायचे नाही, कारण आपले गाव तसे लहानच आहे. या नियमाला एक अपवाद आहे आणि तो मी आधीच सांगते: कोणाच्या जिवाला धोका आहे असे मला किंवा निखिल यांना वाटले, तर आम्ही त्या व्यक्तीशी बोलून पुढची मदत मिळवू. आपणही मरून जावे, असा विचार तुमच्या मनात येत असेल, तर तो आम्हाला निःसंकोच सांगा. आम्ही दचकणार नाही. रात्री-अपरात्री गरज पडली, तर टेलि-मानसची 14416 ही मोफत सेवा चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. क्रमांक तुमच्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापला आहे.

बोलण्याची सक्ती कोणालाही नाही. तुमची पाळी आली की नुसते ‘पुढे’ म्हटले तरी चालेल, आणि आठही शनिवार नुसते ऐकून गेलात तरी तुम्ही या गटाचेच असाल. कोणी रडू लागले, तर कृपया लगेच रुमाल पुढे करू नका, पाठीवर हात फिरवू नका. यात कोरडेपणा वाटेल, पण पुढे केलेला रुमाल पुष्कळदा ‘आता पुरे’ असेच सांगतो. कागदी रुमालांचा डबा मध्ये ठेवला आहे, ज्याला हवा तो घेईल. बाहेर जावेसे वाटले तर जा. निखिल थोड्या वेळाने येऊन तुम्ही ठीक आहात ना, एवढेच पाहतील.

सल्ला, मागितल्याशिवाय, देऊ नये. ‘देवाची इच्छा’, ‘सुटले बिचारे’, ‘मुलांकडे बघून सावर’ ही वाक्ये तुम्ही पुरेशी ऐकली आहेत आणि म्हणणाऱ्यांचा हेतूही बहुतेक वेळा वाईट नव्हता. तरी ती इथे नकोत. तसेच दुःखांची तुलना नको. नव्वदीच्या आईसाठी रडणाऱ्याला, ज्याचे मूल गेले त्याच्यासमोर संकोच वाटतो, हे मी आधीच्या गटांत पाहिले आहे. इथे आपण काटा आणि मापे घेऊन बसलेलो नाही.

या आठ आठवड्यांत गणपती येतील आणि पाठोपाठ पितृपंधरवडाही लागेल. यंदा मूर्ती आणायची की भाऊबंदांनी बसवायची, मोदक करावेत की नाही, पानावर त्यांच्या आवडीचे काय वाढायचे, या प्रश्नांवरून घराघरांत अबोला धरलेला असतो. त्यासाठी चौथा शनिवार आपण राखून ठेवला आहे, आणि ज्यांच्या घरी हे सण नसतात त्यांनी आपापले अवघड दिवस त्याच बैठकीत मांडावेत. पुढच्या शनिवारी मात्र काही तयारी लागणार नाही. हवे तर त्यांची एखादी वस्तू बरोबर आणा: चष्मा, डबा, किराण्याची यादी, काहीही.

आज आपण फक्त दोन गोष्टी सांगणार आहोत: आपले नाव, आणि जे गेले त्यांचे नाव. ते कसे गेले, हे आज सांगायची गरज नाही. घरात सगळे ‘हे’, ‘ती’, ‘आमचा मोठा’ असे म्हणू लागतात आणि नाव उच्चारायचे टाळतात. कित्येक महिन्यांत ते नाव तुम्ही मोठ्याने घेतलेले नसेल. घेताना आवाज फुटला नाही, तर आपण थांबू. घाई नाही, साडेपाचपर्यंत खोली आपलीच आहे.

मी सुरुवात करते. माझे नाव वसुधा. माझ्या धाकट्या भावाचे नाव श्रीधर.